एक महिन्याची ट्रायल ते नऊ महिने: आमच्या सोसायटीचा हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीचा अनुभव

मे महिन्यात आमच्या कमिटीच्या ईमेलवर एका कंपनीचं पत्र आलं. आमची सोसायटी पुण्यातली, दोन विंग, ९६ फ्लॅट. बहुधा पत्ता बघूनच पाठवलं असावं. त्यात लिहिलं होतं: एक महिना ट्रायल, करार नाही, आवडलं नाही तर महिनाअखेरीला थांबवा, ट्रेनिंग झालेले गार्ड, पोलीस व्हेरिफिकेशन केलेला स्टाफ, सुपरवायझरची रोज फेरी. दर गार्डमागे १८,८०० रुपये, बारा तासांची ड्यूटी, 'सर्व समाविष्ट', जीएसटी वेगळा. आमची जुनी एजन्सी तेव्हा फार त्रास देत होती, त्यामुळे आम्ही हो म्हटलं. मी सेक्रेटरी आहे आणि हे सगळं मीच हाताळलं, म्हणून सविस्तर लिहितोय. असा ईमेल बऱ्याच सोसायट्यांना येतो.

जूनमध्ये सगळं उत्तम चाललं. दोन गेटवर दिवसा दोन आणि रात्री दोन असे चार गार्ड, सफाईला तीन मावशी. जिने रोज पुसले जात होते, पार्किंगमध्ये खराटा फिरत होता, गेटवरचं रजिस्टर व्यवस्थित भरलेलं असायचं. सुपरवायझर खरंच रोज यायचा. २८ जूनला कंपनीचा फोन आला, "साहेब, पुढचं काय ठरलं?" कमिटीने एकमताने वर्षाचा करार केला.

एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात यायला हवी होती. एका महिन्याच्या ट्रायलमध्ये झाडू-पोछा कळतो, पण कंपनी आपल्या माणसांशी कशी वागते ते कळूच शकत नाही. जूनचा पगार जुलैच्या पहिल्या आठवड्यात होतो. जूनच्या पीएफ आणि ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, चलन भरायची मुदत १५ जुलै असते. म्हणजे ट्रायल संपून सही झाली, त्या दिवशी यातलं काहीही तपासायला हातात नव्हतं.

जुलैच्या १२ तारखेला रात्रपाळीचे काका म्हणाले, "साहेब, पगार अजून आला नाही, गावी पैसे पाठवायचेत." आमचं बिल आम्ही ५ तारखेला चुकतं केलं होतं. मी कंपनीकडे चलन मागितलं. एक चलन आलं, मोठ्या रकमेचं, पूर्ण कंपनीचं. त्याने आपल्या माणसांबद्दल काहीच सिद्ध होत नाही. मागायची असते ती ईसीआरची यादी, म्हणजे कंपनी पीएफ भरताना दर महिन्याला देते ती, ज्यात प्रत्येक कामगाराचं नाव, पीएफचा यूएएन नंबर, पगार आणि भरलेली रक्कम ओळीने असते. ती ऑगस्टमध्ये मिळाली. आमच्या सात माणसांपैकी चारच नावं होती. तीन मावशींची नावं नव्हती, आणि त्यातल्या एकीला यूएएन म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. कंत्राटदाराने भरणा केला नाही तर मुख्य मालक म्हणून ती जबाबदारी सोसायटीवर येऊ शकते, हे आमच्या ऑडिटरने सांगितल्यावर कमिटी खडबडून जागी झाली.

मग मी दराची फोड मागितली. ती ईमेलसोबतच मागायला हवी होती. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे गार्डचा पगार १४,८०० रुपये. त्यावर मालकाचा पीएफ वाटा इतर आकारांसह १३ टक्के, म्हणजे १,९२४. ईएसआयसी ३.२५ टक्के, म्हणजे ४८१. इथपर्यंत १७,२०५ झाले. बोनस ८.३३ टक्क्यांनी १,२३३ धरला तर १८,४३८. उरले ३६२ रुपये. त्यात गणवेश, सुपरवायझर आणि कंपनीचा नफा कसा बसणार? आणि रिलीव्हर, म्हणजे गार्डच्या सुट्टीच्या दिवशी येणारा बदली माणूस, तर मोजलाच नव्हता.

रिलीव्हरचं गणित असं: चार जागा, तीस दिवस, म्हणजे १२० ड्यूट्या. प्रत्येकाला आठवड्याला एक सुट्टी दिली तर चौघे मिळून १०४ ड्यूट्या करतात. उरलेल्या १६ कोण करणार? जूनमध्ये त्या कोणी केल्या हे मी मागे जाऊन रजिस्टरमध्ये पाहिलं. चौघांपैकी कोणालाही आठवड्याची सुट्टी मिळाली नव्हती. दोन तारखांना तर एक जण गैरहजर होता आणि एकच सही दिवसपाळीतही होती आणि रात्रपाळीतही. तो माणूस चोवीस तास उभा होता आणि आम्हाला सर्व्हिस चांगली वाटत होती. हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

सप्टेंबरमध्ये चारपैकी तीन गार्ड बदलले. नवीन मुलांना फ्लॅटधारक ओळखू येईनात, डिलिव्हरीवाले थेट वर जाऊ लागले. कंपनी वाईट म्हणून नव्हे, तर पगार उशिरा आणि सुट्टी नाही म्हणून माणसं टिकत नव्हती. सफाईतही तेच. नव्या मुलाने 'जास्त चकचकीत होईल' म्हणून लिफ्टसमोरच्या मार्बलवर अॅसिड टाकलं. तो पट्टा निस्तेज झाला. कोणत्या फरशीला काय चालतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

करार मोडायच्या गोष्टी सुरू झाल्या. मला ते पटत नव्हतं, कारण पुढची कंपनीही त्याच दरात आली असती आणि तेच झालं असतं. ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या मालकाला बोलावून समोर बसवलं. बिल पूर्ण रोखलं तर पहिला फटका गार्डच्या पगाराला बसतो, म्हणून पगाराची रक्कम ५ तारखेलाच द्यायची, आणि पीएफ, ईएसआयसी व सर्व्हिस चार्ज हे भाग यादी हाती आल्यावर द्यायचे असं ठरलं. रिलीव्हरसाठी पगाराच्या एक षष्ठांश, म्हणजे २,४६७ रुपये वेगळे धरले. सगळं मिळून गार्डमागे दर २२,००० झाला. चार गार्डचे वाढीव १२,८०० रुपये ९६ फ्लॅटमध्ये वाटले की १३३ होतात, जीएसटीसह १५७. सर्वसाधारण सभेत मी हा कागद सगळ्यांसमोर वाचला. दोन जणांनी विरोध केला, बाकीच्यांनी मान्य केलं.

नोव्हेंबरपासून यादीत सातही नावं आहेत. मावशींच्या फोनवर उमंग अॅपमध्ये पासबुक उघडून त्यांना स्वतःची रक्कम दाखवली. त्या महिन्यापासून एकही मावशी सोडून गेलेली नाही. गार्डमध्ये एक बदलला. रजिस्टरमध्ये दोन्ही पाळ्यांत एक सही पुन्हा दिसलेली नाही, मी दर रविवारी बघतो.

जे सुटलेलं नाही तेही लिहितो. ड्यूटी अजून बारा तासांचीच आहे. आठ तासांच्या तीन पाळ्या करायच्या तर चारऐवजी सहा गार्ड लागतील आणि त्यांचे रिलीव्हर वेगळे. तो खर्च सभेने मंजूर केलेला नाही. शिवाय किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो, त्यामुळे जानेवारीत कंपनीचं दरवाढीचं पत्र आलंच. तेव्हा फोडीचा कागद समोर होता म्हणून वाढ फक्त भत्त्यावर आणि त्याला जोडलेल्या टक्क्यांवर मोजली, सर्व्हिस चार्ज तसाच ठेवला.

गेल्या आठवड्यात आणखी एका कंपनीचा ईमेल आला. एक महिना ट्रायल, १८,२०० रुपये, सर्व समाविष्ट. मी उत्तरात दराची फोड, रिलीव्हरची सोय आणि दुसऱ्या एखाद्या सोसायटीची मागच्या तीन महिन्यांची ईसीआर यादी, यूएएन नंबर झाकून, मागितली आहे. ट्रायल घेतलीच तर ती तीन महिन्यांची असेल, असंही कळवलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.