कोल्हा न दिसलेली कोंबडी घ्यावी की स्वतःचीच समजूत घालणारा मासा?

शब्द एक सांगतात आणि चित्रं दुसरंच, अशी पुस्तकं वर्गात वाचायची तर आधी कोणतं घ्यावं, असं आमच्या केंद्रातल्या एका बाईंनी शिक्षण परिषदेत विचारलं. त्यांच्याकडे दोन पुस्तकं होती : पॅट हचिन्स यांचं 'रोझीज वॉक' (१९६८) आणि जॉन क्लासेन यांचं 'धिस इज नॉट माय हॅट' (२०१२). परभणीजवळच्या आमच्या शाळेत मी दोन्ही मराठीतून सांगितली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रोझी ही कोंबडी. ती फिरायला निघते, अंगण, तळं, गंजी, गिरणी, कुंपण आणि मधमाश्यांच्या पेट्या पार करून जेवणाच्या वेळेला घरी येते. सगळं पुस्तक एका वाक्याचं आहे, इंग्रजीत ३२ शब्दांचं. चित्रात मात्र पहिल्यापासून तिच्या मागे कोल्हा आहे आणि त्याचं नाव शब्दांत एकदाही येत नाही. एका जोडपानावर शब्द असतात आणि कोल्हा उडी मारायच्या बेतात असतो. पुढच्या जोडपानावर एकही शब्द नसतो, फक्त त्याची फजिती असते. अंगणात त्याचा पाय दाताळ्यावर पडतो आणि दांडा थाड्‌कन नाकावर येतो. इथे सांगणारा खोटं बोलत नाही. त्याचा प्रत्येक शब्द खरा आहे, फक्त त्याला अर्धंच माहीत आहे.

माशाचं तसं नाही. तिथे गोष्ट मासा स्वतः सांगतो. झोपलेल्या मोठ्या माशाची टोपी आपण चोरली, हे तो पहिल्यांदाच कबूल करतो. मग म्हणतो, तो बहुतेक जागा होणार नाही. त्याच पानावर मोठ्या माशाचा डोळा टक्क उघडा. जागा झाला तरी टोपी गेल्याचं त्याच्या लक्षात यायचं नाही बहुतेक. चित्रात डोळा वर, डोक्याकडे. लक्षात आलं तरी मीच नेली हे त्याला कळायचं नाही. आता डोळा बारीक झालेला. अख्खा मासा जागचा हलत नाही, हलतो तो फक्त डोळा. म्हणजे कोंबडीच्या पुस्तकात शब्द गप्प आहेत, माशाच्या पुस्तकात ते चुकीचे आहेत. निवड करताना मी हाच फरक आधी बघतो.

पहिलीच्या पोरांना गप्प शब्द लगेच झेपतात. दुसऱ्याच पानाला "गुरजी, मागं कोल्हा हाय की!" असा ओरडा होतो. त्या वेळी आपण "हो, कोल्हा आहे बरं का" म्हटलं की पुस्तक तिथेच संपलं, कारण मग सांगणाऱ्यालाही माहीत झालं. मी काही ऐकलंच नाही अशा आवाजात पुढचं पान उलटतो. चुकीच्या शब्दांना वेळ लागतो. लहान पोरं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवतात. मासा म्हणाला झोपलाय, म्हणजे झोपलाय. गाडी कुठे अडली ते खेकड्याच्या पानावर कळतं. खेकड्यानं कुणाला सांगणार नाही असा शब्द दिलाय, असं मासा सांगतो आणि चित्रात खेकडा मोठ्या माशाला नांगीनं वाट दाखवतो. तिथे वर्ग हसला नाही तर मागे जाऊन डोळ्याची पानं शब्दांशिवाय, नुसती दाखवावीत. माझ्या अनुभवात तिसरीला हे करावं लागत नाही.

आणखी एक अगदी साधी अडचण. कोल्हा शेवटच्या रांगेतूनही दिसतो, माशाचा डोळा दिसत नाही. तीस पोरांच्या वर्गात माशाचं पुस्तक वाया जातं. आठ-दहा जणांना जवळ घेऊन बसावं.

मराठीत सांगताना दोन्हीकडे एकेक जागा निसरडी आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं. सरळ भाषांतर केलं तर 'फिरायला गेली' हे कळायला गिरणी ओलांडावी लागते. मी सुरुवातीलाच सांगून टाकतो : "रोझी कोंबडी निघाली फिरायला, अंगणातून, तळ्याला वळसा घालून, गंजीवरून..." आमच्याकडे गंजी म्हणजे कडब्याची, पुस्तकातली गवताची आहे, पोरांना त्यानं काही फरक पडत नाही. माशाच्या पुस्तकात 'बहुतेक' गाळू नये. "तो जागा होणार नाही" म्हटलं की मासा नुसता चुकलेला वाटतो. "बहुतेक" म्हटलं की त्याला धाकधूक आहे आणि तो स्वतःचीच समजूत घालतोय, हे ऐकू येतं.

म्हणून बाईंना मी सांगितलं : पहिली-दुसरी असेल तर कोंबडी, तिसरीपासून मासा, आणि दोन्ही घेणार असाल तर कोंबडी आधी. मला स्वतःला मासा जास्त आवडतो, तो शेवटासाठी. दोघेही दाट पाणवनस्पतींत शिरतात, शब्द थांबतात, आणि मोठा मासा टोपी घालून बाहेर येतो. आत काय झालं ते चित्रही दाखवत नाही. "खाल्लं का त्याला?" असं कुणीतरी विचारतंच. मी पुस्तक त्याच्याच हातात देतो, आणि तो मागची पानं उलटत बसतो.