घर भाड्याने बघताना बहिणीच्या नंबरचं काय झालं, आणि आता आम्ही अनोळखी माणसाला नंबर कसा देतो

भाड्याने घर शोधताना किंवा जाहिरात बघून एखादी वस्तू विकत घेताना कधी ना कधी अनोळखी माणसाला नंबर द्यावाच लागतो. त्यानंतर काय होऊ शकतं, हे माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत घडलं तसं लिहिते आहे. लिही, असं तिनेच सांगितलं. तिचे स्वतःचे पैसे गेले नाहीत. तिच्या नावाने तिच्या मैत्रिणीचे गेले, आणि ते तिला जास्त लागलं.

तिला एका खोलीची जाहिरात आवडली. फोटो चांगले होते, भाडं बाकीच्या जाहिरातींपेक्षा थोडंसंच कमी होतं, म्हणजे शंका यावी इतकंही नाही. तिने साइटवरच्या चॅटमध्ये "खोली अजून रिकामी आहे का?" असं विचारलं. लगेच उत्तर आलं, "हो, आहे. मी इथे फारसा नसतो, तुमचा नंबर द्या, व्हॉट्सॲपवर बोलू." तिने नंबर दिला. व्हॉट्सॲपवर त्या माणसाने कामाबद्दल, किती जण राहणार याबद्दल चौकशी केली, कुठल्याही घरमालकाने करावी तशीच. मग म्हणाला, "हल्ली खोटे लोक फार येतात हो, मागच्या वेळी मला त्रास झाला. पत्ता देण्याआधी तुम्ही खऱ्या आहात याची खात्री करतो. तुमच्या नंबरवर सहा आकडी कोड येईल, तेवढा सांगा."

कोड आला. ती कामात होती, फोन बाजूला ठेवलेला. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत मेसेजची पहिली ओळ तेवढी दिसली, आणि त्यात ते सहा आकडे ठळक होते. कोड कोणाचा आहे आणि तो कोणालाही सांगू नका, हे त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, पण त्यासाठी मेसेज उघडावा लागतो. तिने आकडे पाठवले. थोड्याच वेळात तिच्या फोनवर व्हॉट्सॲप बंद पडलं आणि हा नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवला गेला आहे, अशी सूचना आली.

नेमकं काय झालं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण एकदा समजलं की हा डाव कुठल्याही रूपात आला तरी ओळखता येतो. व्हॉट्सॲप नव्या फोनवर टाकताना नंबर विचारतं आणि त्या नंबरवर सहा आकडी कोड पाठवतं. नंबर कुणीही टाकू शकतं. कोड मात्र ज्याच्या हातात ते सिम आहे त्यालाच मिळतो, आणि नंबर कुणाचा ते व्हॉट्सॲप फक्त त्यावरूनच ठरवतं. त्या माणसाने स्वतःच्या फोनवर तिचा नंबर टाकला होता. कोड त्याने पाठवलाच नव्हता. तो व्हॉट्सॲपने पाठवला होता, आणि त्याला तो तिच्याकडून काढून घ्यायचा होता.

असा कोड कंपनी स्वतःच्या खात्यासाठी पाठवते आणि तो कंपनीच्याच ॲपमध्ये किंवा साइटवर टाकायचा असतो. घरमालक, विकणारा, दलाल यांच्यापैकी कुणालाही तुमची "खात्री" करायला त्या कोडचा काडीइतका उपयोग नाही. खरोखर खात्री हवी असलेला माणूस फोन करतो, व्हिडिओ कॉलवर बोलतो, ओळखपत्र घेऊन भेटायला बोलावतो. म्हणून जाहिरातीतल्या माणसाने कोडचं नाव काढलं की बोलणं तिथेच संपवायचं, मग घर कितीही आवडलेलं असो.

बहिणीने लगेच ॲप पुन्हा सुरू केलं, नंबर टाकला, नवा कोड आला, तोही टाकला. हे तिने अगदी बरोबर केलं. खऱ्या मालकाने कोड टाकला की पलीकडचा माणूस आपोआप बाहेर फेकला जातो. पण पुढे ॲपने आणखी सहा आकडी पिन मागितला, जो तिने कधी ठेवलाच नव्हता. तो त्या माणसाने ठेवला होता. टू-स्टेप व्हेरिफिकेशन नावाची ही सोय खरं तर आपल्या संरक्षणासाठी आहे. खातं हाती येताच चोर ती सुरू करतात, म्हणजे मालकाला आत यायला वेळ लागतो. पिन माहीत नसेल तर त्याशिवाय आत जाण्यासाठी ७ दिवस थांबावं लागतं. तेवढे दिवस चोरही बाहेर आणि आपणही बाहेर.

मधल्या वेळात त्याने काम उरकलं होतं. जुन्या गप्पा त्याच्या हाती लागल्या नाहीत, कारण त्या फोनमध्ये आणि बॅकअपमध्ये असतात, नंबरासोबत जात नाहीत. पण ती ज्या ग्रुपमध्ये होती ते ग्रुप दिसले, त्यातले नंबर दिसले, आणि तिचा फोटो न् नाव तसंच होतं. "अडचणीत आहे, थोडे पैसे लगेच पाठव, संध्याकाळी परत करते," असे मेसेज गेले. दोघीतिघींनी फोन करून विचारलं म्हणून वाचल्या. एका मैत्रिणीने विचारलं नाही. एका मावशीकडे तर पैशांऐवजी "तुझ्या नंबरवर माझा एक कोड चुकून आला आहे, सांग ना" असा मेसेज गेला. म्हणजे पुढचं खातं तिचं जाणार होतं. आम्ही दोघी बसून एकेकाला साधे फोन करत सुटलो. अशा वेळी कॉल आणि एसएमएस हेच कामाला येतात, कारण सिम आपल्याच हातात असतं.

याच चोरीची दुसरी तऱ्हाही सांगते, कारण तिच्यात कोड मागतच नाहीत. "माझा माणूस घर दाखवेल, त्याला या नंबरवर फोन करा" असं म्हणून असं काहीतरी डायल करायला सांगतात:

```
**21*नंबर#
```

हा फोन नंबर नाही. आपल्याला येणारे सगळे कॉल त्या नंबरकडे वळवा, असा नेटवर्कला दिलेला हुकूम आहे. व्हॉट्सॲपचा कोड एसएमएसऐवजी कॉल करूनही मिळवता येतो, आणि तो कॉल मग थेट चोराकडे जातो. ज्या नंबराच्या सुरुवातीला चांदणी आणि शेवटी चौकट आहे तो कुणाच्याही सांगण्यावरून डायल करू नका. कॉल वळवलेले आहेत का हे बहुतेक नेटवर्कवर पहिल्या कोडने कळतं, आणि सगळं वळवणं दुसऱ्याने बंद होतं:

```
*#21#
##002#
```

आता नंबर द्यायचा कसा, ते. जितका उशिरा देता येईल तितका उशिरा. खोली रिकामी आहे का, डिपॉझिट किती, कधी बघता येईल, हे सगळं साइटच्या चॅटमध्ये होऊ शकतं. तिथलं बोलणं नोंदलेलं राहतं आणि जाहिरात खोटी निघाली तर तक्रार करताना तेच दाखवता येतं. पहिल्याच उत्तरात "इथे नको, व्हॉट्सॲपवर या" म्हणणारा प्रत्येक जण चोर नसतो. पण आपण "भेटायचं ठरलं की देते" असं म्हटल्यावर तो काय करतो ते बघा. खऱ्या मालकाला त्याचं काही वाटत नाही. बहिणीने नंतर असंच उत्तर दिलेल्या एकाने चिडून "मग तुम्हाला घर नकोच असेल" लिहिलं आणि गप्प झाला. काही साइट दोघांचे नंबर लपवून मधल्या एका नंबरावरून कॉल जोडून देतात. ती सोय असेल तर तीच वापरा.

भेट ठरल्यावर द्यायचा तो नंबरही वेगळा असलेला बरा. फोनमध्ये दुसरं सिम किंवा ई-सिम घेऊन ते फक्त अशा कामासाठी ठेवायचं. बँक, ईमेल, पैसे पाठवायचं ॲप यांना जोडलेला नंबर जाहिरातीतल्या माणसाकडे जाऊच नये. पण या दुसऱ्या नंबराची मर्यादाही लक्षात घ्या. त्यावर आलेला कोड सांगितला तर तोही तितकाच धोक्याचा. शिवाय रिचार्ज थांबवला की असा नंबर काही काळाने दुसऱ्या कुणाला दिला जातो, म्हणून त्यावर कुठलंही महत्त्वाचं खातं उघडायचं नाही. त्यावर व्हॉट्सॲप सुरू केलं असेल तर सिम सोडण्याआधी ते खातं पुसून टाकायचं.

एकच नंबर असेल आणि तोच द्यावा लागणार असेल, तर देण्याआधी व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी करा. अकाउंटमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून स्वतःचा पिन ठेवा आणि सोबत ईमेल द्या, म्हणजे पिन विसरलात तरी तो बदलता येतो. हा पिन आधीच असता तर बहिणीने सांगितलेल्या कोडवर त्या माणसाला आत जाता आलं नसतं. दुसरं, प्रायव्हसीमध्ये फोटो, अबाउट आणि लास्ट सीन फक्त आपल्या कॉन्टॅक्टना दिसेल असं करा. मग त्या माणसाचा नंबर सेव्ह करू नका, कारण सेव्ह केला की तोही कॉन्टॅक्ट झाला आणि त्याला सगळं दिसायला लागतं. लक्षात राहावं म्हणून आम्ही नाव आणि जाहिरात कागदावर लिहून ठेवतो. टेलिग्राम वापरत असाल तर तिथेही नंबर कोणाला दिसावा आणि नंबरावरून कोणी शोधावं, हे वेगवेगळं ठरवता येतं. दोन्ही बघा.

नुसत्या नंबरावरून पूर्ण नावही कळू शकतं. पैसे पाठवायच्या काही ॲपमध्ये नंबर टाकला की नोंदवलेलं नाव समोर येतं. नाव कळलं की सोशल मीडियावरचं खातं सापडतं, आणि मग समोरचा माणूस "मी तुमच्या अमक्याच्या ओळखीचा" म्हणून बोलू लागतो. जाहिरातीतल्या माणसाला आपण न सांगितलेली माहिती असेल, तर ती त्याला कुठून मिळाली ते त्यालाच विचारा.

आणि कोड सांगून झालाच असेल, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. लगेच ॲप पुन्हा नोंदवा, म्हणजे तो बाहेर पडेल. आत गेल्यावर लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये अनोळखी फोन किंवा संगणक दिसला तर काढून टाका. पिनसाठी ७ दिवस थांबावं लागलं तरी त्या दिवसांत घरच्यांना, मैत्रिणींना कॉल करून सांगा की माझ्या नावाने पैसे किंवा कोड मागितला तर देऊ नका. कुणी पैसे पाठवले असतील तर त्याने त्याच क्षणी स्वतःच्या बँकेला कळवावं आणि पोलिसांकडे तक्रार करावी. साइटवरची चॅट पुसू नका, आधी स्क्रीनशॉट घ्या, मग जाहिरातीची तक्रार करा. जाहिरात काढली गेली की कधीकधी ती चॅटही दिसेनाशी होते. बहिणीने स्क्रीनशॉट आधी घेतले होते, मैत्रिणीच्या तक्रारीला तेच जोडले.