चकलीचा सोऱ्या: पेटंट की ट्रेडमार्क?

समजा, चकली तुटू न देणारा नव्या रचनेचा सोऱ्या तुम्ही बनवलात. त्या रचनेला पेटंट मिळू शकतं, अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. पण अर्जाआधीच त्याचा व्हिडिओ टाकलात, तर पेटंटसाठी लागणारं नावीन्यच गेलं. घाई असेल तर आधी प्रोव्हिजनल अर्ज करावा आणि पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यावा.

ट्रेडमार्क नावाला मिळतो. ते नाव तुम्ही आधीपासून वापरत असलात तरी चालतं, आणि दर १० वर्षांनी नूतनीकरण करत ते कायम राखता येतं. ‘उत्तम सोऱ्या’ असलं नुसतं वर्णनाचं नाव मात्र सहसा नाकारतात. शिवाय पेटंट नसेल, तर शेजारचा दुकानदार तोच सोऱ्या वेगळ्या नावाने विकेल. ट्रेडमार्क त्याला अडवणार नाही.

कॉपीराइट? माहितीपत्रकातल्या मजकुराला आणि चित्रांना तो आपोआपच असतो.