मीटरवर 412 मायक्रोफॅरड दाखवलं आणि 12,980 रुपये घेऊन गेला

हे मी रागाने लिहितोय आणि लाजही वाटतेय, कारण माझ्या टेबलावर एसी ब्रिज असताना मला जुने कपॅसिटर नवे म्हणून विकले गेले. जुन्या मालावर नवी स्लीव्ह चढवून विकायचा धंदा आपल्या लाइनमधल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, तो समजावत बसत नाही. यातून सुटायचं कसं, ते मात्र नीट सांगायला हवं, कारण पॉकेट मीटरवर भरवसा ठेवणारे आपल्यात शेकड्याने आहेत.

मी भजनी मंडळं आणि शाळा यांच्यासाठी छोटे अॅम्प्लिफायर बनवतो. गणपतीआधी ऑर्डरी येतात. पॉवर सप्लायसाठी 470 मायक्रोफॅरड, 63 व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक लागत होते. विक्रेत्याने आधी पाच नग सॅम्पल पाठवले. ते खरोखर चांगले होते, मी स्वतः तपासले होते. मग 500 नगांची ऑर्डर दिली: 22 रुपये दराने 11,000, वर 18 टक्के जीएसटी 1,980, एकूण 12,980 रुपये, सगळे आगाऊ. कुरिअरचे 340 वेगळे. पार्सल आल्यावर त्याने व्हिडिओ कॉलवर मला एक नग काढायला लावला आणि म्हणाला, “दादा, मीटर लावून बघा ना, तुमच्यासमोरच आहे.” मीटरने 412 दाखवलं. “वीस टक्के कमीजास्त चालतंच, हे तर त्याच्या आत आहे,” असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. 376 च्या वर असलेला नग धारकतेत नापास करता येत नाही. या एका आकड्यावर कोणीही गप्प बसला असता.

साधा पॉकेट मीटर कपॅसिटर चार्ज करून धारकतेचा आकडा दाखवतो. कपॅसिटरच्या आत सिरीजमध्ये किती रेझिस्टन्स बसलाय, म्हणजे आपण ज्याला लॉस म्हणतो, ते तो सांगत नाही. इलेक्ट्रोलिटिक वापरून जुना झाला की आतलं इलेक्ट्रोलाइट सुकतं. धारकता थोडी उतरते, पण हा रेझिस्टन्स कित्येक पटींनी वाढतो. फसवणूक नेमकी या फटीतून होते.

माझा ब्रिज पॉलिटेक्निकमध्ये शिकवतात तोच आहे, सुधारित डी सॉटी. एका भुजेत अनोळखी कपॅसिटर Cx, त्याचा लॉस रेझिस्टन्स r सिरीजमध्ये धरायचा. शेजारच्या भुजेत 1 मायक्रोफॅरडचा चांगला पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर Cs आणि त्याच्या सिरीजमध्ये बदलता येणारा Rs. उरलेल्या दोन भुजा नुसत्या रेझिस्टन्सच्या: अनोळखीला लागून R3, माझ्याकडे पक्का 10 ओहम, आणि स्टँडर्डला लागून R4, डेकेड बॉक्स. समोरासमोरच्या भुजांचे गुणाकार सारखे झाले की डिटेक्टरवर काही उरत नाही:

```
(r + 1/jωCx) · R4 = (Rs + 1/jωCs) · R3
```

एसी ब्रिज एका अटीवर बॅलन्स होत नाही, हे इथे समजून घ्या. वरच्या समीकरणात खरा भाग आणि काल्पनिक भाग वेगवेगळे जुळावे लागतात, म्हणून अटी दोन निघतात:

```
Cx = Cs · R4 / R3
r  = Rs · R3 / R4
```

दोन्हींत फ्रीक्वेन्सी नाही, त्यामुळे ऑसिलेटर थोडा हलला तरी बॅलन्स बिघडत नाही. दोन्ही अटींचा गुणाकार केला तर Cx·r = Cs·Rs, म्हणून टॅन डेल्टा, म्हणजे ωCx·r, हा सरळ ωCs·Rs इतका येतो. तो फक्त Rs वर अवलंबून आहे. R4 धारकता सांगतो, Rs नग किती खराब आहे ते सांगतो.

सॅम्पलचं माप माझ्या वहीत आहे. 100 हर्ट्झला R4 = 4,700 आणि Rs = 127 ओहमवर ऑसिलोस्कोपची रेषा सपाट झाली. म्हणजे Cx = 470 मायक्रोफॅरड, r = 127 × 10 / 4,700 = 0.27 ओहम, टॅन डेल्टा 0.08. 63 व्होल्टच्या साध्या मालाला डेटाशीटमध्ये 120 हर्ट्झला साधारण 0.10 पर्यंत मर्यादा असते, तेव्हा सॅम्पल पास.

आता तो क्षण, जो आठवला की अजून अंगाचा तिळपापड होतो. पार्सलमधला नग मी ब्रिजवर लावला होता! Rs सॅम्पलच्या वेळचा 127 वरच होता. मी फक्त R4 फिरवला. स्कोपवरची लाट खाली आली, एका जागी सगळ्यात लहान झाली, पण सपाट झाली नाही. R4 पुढे नेला तरी वाढे, मागे नेला तरी वाढे. ही उरलेली लाट मी मेन्सची गुणगुण समजलो. समजण्याला कारण होतं: आपल्याकडे मेन्स 50 हर्ट्झ, रेक्टिफायरमधून येणारी गुणगुण बरोबर 100 हर्ट्झ, आणि माझा ऑसिलेटरही 100 वर. स्कोपवर दोन्ही लाटा सारख्याच उभ्या राहतात. दुकानात त्या वेळी तीन मंडळांची माणसं बसलेली. पण ऑसिलेटरचं बटण एकदा बंद केलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. बाहेरची गुणगुण असती तर लाट तशीच राहिली असती. ब्रिजचीच असती तर नाहीशी झाली असती.

तुम्ही करून बघा, म्हणजे फरक हाताला कळेल. एकाच नॉबने लाट लहान होते पण जात नाही, याचा अर्थ दुसरी अट पाळलेली नाही. तेव्हा Rs ला हात लावायचाच.

बसवलेले अॅम्प्लिफायर परत यायला लागले. स्पीकरमधून घूं आवाज, कपॅसिटरचं डोकं फुगलेलं. मग तोच नग परत ब्रिजवर घेतला आणि दोन्ही नॉब आळीपाळीने फिरवले. R4 हलवला की Rs चुकायचा, Rs हलवला की R4. चांगल्या नगाला थोड्या फेऱ्या पुरतात, कारण दोन नॉबांचे परिणाम जवळजवळ काटकोनात असतात. लॉस मोठा असला की ते एकमेकांच्या वाटेत येतात आणि बॅलन्स सरकत सरकत मिळतो. हे सरकणंसुद्धा खराब नगाची खूणच आहे. शेवटी रेषा सपाट झाली ती R4 = 4,120 आणि Rs = 700 वर:

```
Cx = 1 µF × 4120 / 10 = 412 µF
r  = 700 × 10 / 4120  = 1.70 ohm
tan δ = 2π × 100 × 1e-6 × 700 = 0.44
```

धारकता मीटरने सांगितली तीच. लॉस सॅम्पलच्या सहा पटींहून जास्त. माझ्या सप्लायमध्ये या जागी साधारण 0.8 अँपिअर रिपल जातो. सॅम्पलच्या नगात 0.64 × 0.27, म्हणजे 0.17 वॅट उष्णता. यात 0.64 × 1.70, म्हणजे 1.09 वॅट. बोटाएवढ्या डब्यात एक वॅट कोंडला तर डोकं फुगणारच.

ब्लेडने स्लीव्ह कापली. आत जुन्या स्लीव्हची एक चिकट निळी पट्टी राहिली होती, डब्यावर पक्कडीचे ओरखडे होते, आणि पायांच्या मुळाशी जुन्या सोल्डरचा करडा थर. पाय घासून पुन्हा टिन केलेले. पार्सल उघडताना पाय सॅम्पलपेक्षा आखूड दिसले होते, ते “कटिंग करून येतात” म्हणून सांगितलं गेलं.

विक्रेत्याचं पहिलं उत्तर: “माल पडून होता, फॉर्मिंग करून घ्या.” केलं. रेझिस्टरमधून हळूहळू 63 व्होल्टपर्यंत नेऊन ठेवला. लीकेज उतरलं, Rs जवळपास तिथेच. फॉर्मिंगने ऑक्साइडचा थर सावरतो, सुकलेलं इलेक्ट्रोलाइट ओलं होत नाही. फॉर्मिंगने असा माल सुधारतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. त्यानंतर माझा नंबर ब्लॉक.

आणि तक्रारीचं काय झालं? पोलीस चौकीत साहेबांनी विचारलं, “माल मिळाला ना? पैसे दिले, माल आला, मग फसवणूक कसली?” मी ब्रिजची वही पुढे केली. त्यांनी उघडलीही नाही. म्हणाले, दिवाणी बाब आहे. ग्राहक तक्रारीच्या ठिकाणी बाईंनी जीएसटी नंबर पाहून सांगितलं, तुम्ही व्यापारी, ग्राहक नाही. मी म्हटलं, मॅडम, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू व्यापारी हेतूतून वगळली आहे, मी एकटा माणूस आहे, कामगारसुद्धा नाही. त्यावर उत्तर: “मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट आणा.” लॅबच्या चाचणीची फी ऐकली तर मालाच्या किमतीजवळ गेली. वर लॅबवाला विचारतो, सगळे 500 तपासायचे की एक? एक तपासला तर विक्रेता म्हणणार तो एकच वाईट. ज्याच्या अंगावर आलं त्यानेच पदरचे पैसे घालून सिद्ध करायचं, आणि विकणारा नव्या नंबरावरून पुन्हा व्हिडिओ कॉल करायला मोकळा! पेमेंट अॅपवाल्यांनी तर “व्यवहार यशस्वी आहे” एवढंच लिहून तक्रार बंद केली. दुरुस्तीत माझे आणखी 4,600 रुपये गेले, ते कोणी विचारलेही नाहीत.

तर ऐका. ऑसिलेटर 100 वर ठेवू नका, 120 वर ठेवा. डेटाशीटही तिथलंच असतं आणि मेन्सची गुणगुण वेगळी सरकताना दिसते. 120 ला माझ्या ब्रिजवर Rs 133 च्या पलीकडे गेला तर टॅन डेल्टा 0.10 ओलांडला असं धरा. स्कोपची एक बाजू अर्थ असते, म्हणून ऑसिलेटर छोट्या ट्रान्सफॉर्मरमधूनच जोडा. R3 दहा ओहमचा असताना क्लिपा आणि वायरी जाड, आखूड हव्यात. वायरचा 0.1 ओहम सरळ r मध्ये मिळतो आणि चांगला नग उगाच वाईट दिसतो.

सॅम्पलवर माल पास करू नका. पार्सलच्या तळातून, मधून आणि वरून नग काढा. स्लीव्ह एका तरी नगाची कापाच, 22 रुपये गेले तर गेले. विक्रेता व्हिडिओ कॉलवर मीटर लावायला सांगत असेल तर त्याला म्हणा, थांब, Rs किती येतो ते बघतो. आणि बिलावर नुसतं “470/63” लिहून घेऊ नका. “टॅन डेल्टा 120 हर्ट्झला 0.10 च्या आत, न वापरलेला माल” असं लिहून द्यायला सांगा. लिहायला तयार नसेल तर आगाऊ रक्कम पाठवू नका.