लांब कथा आणि तीन शीट: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेले काही महिने मी एका वाढत्या कादंबरीचा सगळा हिशेब साध्या स्प्रेडशीटमध्ये ठेवतो आहे. मी लिब्रेऑफिस कॅल्क वापरतो, पण दुसरं कुठलंही चालेल. मजकूर वेगळ्या फाइलमध्ये असतो. इथे फक्त तीन शीट आहेत: दृश्यं, पात्रं आणि उघडे धागे. रंगीत पट्ट्यांची कालरेषा काढून देणारी खास सॉफ्टवेअरं मिळतात आणि ती दिसायला सुरेखही असतात. तरी चार दिवसांच्या खंडानंतर लिहायला बसताना मला चित्र नको असतं, प्रश्नांची उत्तरं हवी असतात, आणि ती शीट लवकर देतं.

सुरुवात दृश्यांच्या शीटपासून. प्रत्येक दृश्याला कायमचा क्रमांक, तोही दहाच्या टप्प्यांनी: 10, 20, 30. प्रकरणांचे आकडे सतत हलतात. मध्ये एक प्रकरण घुसलं की पुढच्या सगळ्या नोंदी खोट्या ठरतात. दृश्य 120 आणि 130 यांच्यामध्ये काही सुचलं तर ते 125 होतं, बाकी काही हलत नाही. क्रमांक सांगतो वाचक कुठल्या क्रमाने वाचणार. शेजारच्या रकान्यात तारीख, म्हणजे गोष्ट प्रत्यक्षात कधी घडली. एकदा क्रमांकाने आणि एकदा तारखेने लावून पाहिलं की फ्लॅशबॅकची दृश्यं आपापल्या जागी जाऊन बसतात.

तारीख खरी लिहिली तर वार आणि वय आपोआप मिळतं. B2 मध्ये दृश्याची तारीख आणि C2 मध्ये पात्राची जन्मतारीख असेल तर:

```
=TEXT(B2,"dddd")
=DATEDIF(C2,B2,"y")
```

पहिलं सूत्र वार देतं, दुसरं जन्मतारखेवरून त्या दिवशीचं पूर्ण वय. म्हणून पात्रांच्या शीटमध्ये वय कधीच लिहू नये, जन्मतारीख लिहावी. कथा 1900 च्या आधीची असेल तर एक्सेल ती तारीख साधा मजकूर समजतो आणि ही सूत्रं चालत नाहीत. कॅल्कमध्ये ती अडचण येत नाही.

याचा उपयोग एका उदाहरणाने सांगतो. माझ्या कथेत वसुधाला वडिलांचं बंद पाकीट 3 मार्च 1984 च्या संध्याकाळी मिळतं. खर्ड्यात ती ते अंगणात चांदण्यात वाचते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत जाते. वाराच्या रकान्याने सांगितलं की 3 मार्चला शनिवार होता, म्हणजे दुसऱ्या दिवशी बँक बंद. मग चंद्रही तपासला. 30 मे 1984 ला सूर्यग्रहण झालं होतं, म्हणजे त्या दिवशी अमावस्या. दोन अमावस्यांमध्ये सरासरी साडेएकोणतीस दिवस असतात. तसे तीन महिने मागे गेलं की मार्चच्या दोन-तीन तारखेलाच अमावस्या येते. चांदणं गेलं, कंदील आला. रविवारचा एक रिकामा दिवसही मिळाला, आणि वसुधाने तो दिवस पाकीट उशाशी ठेवून काढणं हे आता त्या भागातलं सगळ्यात चांगलं दृश्य झालं आहे.

तारखेच्या शेजारी मी आणखी एक रकाना ठेवला आहे: मजकुरातले शब्द. पानावर तारीख क्वचितच असते. तिथे ‘पुढच्या गुरुवारी’, ‘पंधरवड्याने’, ‘त्याला जाऊन वर्ष झालं तेव्हा’ असं लिहिलेलं असतं. हे शब्द जसेच्या तसे नोंदवून ठेवले की तारीख हलवल्यावर कोणती वाक्यं बदलायची ते शोधत बसावं लागत नाही.

पात्रसूचीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. डोळ्यांचा रंग, उंची, आवडीनिवडी यांचे लांबलचक तक्ते मी काढून टाकले. जे पानावर आलं आहे आणि पुन्हा लागणार आहे तेवढंच ठेवलं: जन्मतारीख, कोण कोणाला काय म्हणून हाक मारतं, जखमेची खूण कुठल्या हातावर. खरी किंमत आहे ती ‘काय माहीत आणि कुठल्या दृश्यापासून’ या रकान्याला. वसुधाचा भाऊ दिनकर याला वडिलांच्या दुसऱ्या खात्याबद्दल दृश्य 210 मध्ये कळतं. नंतर मी 165 हे नवं दृश्य घातलं. त्यात त्याच्या तोंडी त्या पैशांचा साधा उल्लेखही चालणार नव्हता, आणि लिहायच्या आधीच ते समोर होतं. मात्र हा रकाना नेहमी तारखेच्या क्रमाने तपासायचा. दृश्य 230 हा फ्लॅशबॅक आहे. त्यातला दिनकर क्रमांकाने 210 च्या पुढे असला तरी त्याला अजून काहीच माहीत नाही.

आता तिसरं शीट, ज्याच्याशिवाय मला यापुढे लांब काही लिहिता येईल असं वाटत नाही. इथे प्रत्येक धागा वाचकाच्या मनातल्या प्रश्नासारखा लिहायचा. ‘पाकीट’ एवढी नोंद निरुपयोगी. ‘वडिलांनी पाकीट दिनकरला न देता वसुधाला का दिलं?’ ही खरी नोंद, कारण उत्तर मिळालं की नाही हे तिच्यावरून ठरवता येतं. पुढे दोन रकाने: धागा उघडला ते दृश्य, आणि त्यात शेवटचा बदल झाला ते दृश्य. नुसता उल्लेख म्हणजे बदल नव्हे. वाचकाला काही नवं कळलं किंवा आधीचा समज मोडला, तरच आकडा पुढे सरकवायचा. H1 मध्ये शेवटच्या दृश्याचा क्रमांक आणि D मध्ये शेवटचा बदल असेल तर:

```
=$H$1-D2
```

उत्तर 80 आलं की साधारण आठ दृश्यं धागा स्थिर आहे. तिथे ओळ लाल व्हावी असं सशर्त स्वरूपण लावलं आहे. पाकिटाचा उल्लेख बऱ्याच ठिकाणी होता, त्यामुळे धागा जागता आहे असं वाटत होतं. ओळ मात्र लाल झाली, कारण 40 पासून 150 पर्यंत वाचकाला नवं काहीच कळलं नव्हतं. उपाय म्हणून उल्लेख वाढवले नाहीत, उलट दोन काढले. दृश्य 110 मध्ये पाकिटावरचं अक्षर वडिलांचं नाही एवढंच उघड केलं. आठचा आकडा माझ्या कथेच्या चालीचा आहे. छोट्या, वेगवान दृश्यांची कथा असेल तर तो जास्त ठेवावा लागेल.

धाग्याच्या स्थिती चार: उघडा, वळला, मिटला, सोडला. वळला म्हणजे उत्तर मिळालं, पण त्यातून मोठा प्रश्न निघाला. तेव्हा नवी ओळ उघडायची. सोडला म्हटल्यावर काम संपत नाही. तो उघडला त्या दृश्यात परत जाऊन तिथलं वजन कमी करावं लागतं, नाहीतर वाचक वाट पाहत राहतो.

या पद्धतीत सगळ्यात घातक गोष्ट एकच: ठरवलेलं आणि लिहिलेलं एकत्र होणं. ‘दिनकर परत येतो’ ही नोंद नुसता बेत असेल आणि खंडानंतर ती घडलेली घटना म्हणून वाचली, तर पुढचं दृश्य हवेत उभं राहतं. म्हणून माझ्याकडे बेताच्या ओळी तिरक्या अक्षरांत असतात. दृश्य लिहून झाल्यावर, आणि मजकूर पुन्हा वाचूनच, त्या सरळ होतात. पुष्कळदा पानावर बेतापेक्षा वेगळंच उतरलेलं असतं. अशा वेळी शीट बदलायचं, पान नाही.

नोंदी बैठक संपताना करतो, लिहिता लिहिता कधीच नाही. बसताना फक्त लाल ओळी आणि त्या दिवशीच्या दृश्यात हजर असलेल्यांचा ‘काय माहीत’ रकाना वाचतो. पूर्ण शीट वाचायला लागलं तर रकाने जास्त झाले आहेत असं समजावं. कुठला धागा कशाच्या आधी मिटवायचा, हे मात्र यातलं कुठलंच सूत्र सांगत नाही. सध्या माझे तीन धागे एकाच दृश्यात मिटू पाहत आहेत आणि त्यांचा क्रम मी वेगळ्या कागदावर, वेगवेगळ्या प्रकारे लिहून पाहतो आहे.