बायपास ट्रेवर पाकिटं आणि जाड कार्ड: एका लगीनसराईनंतरचा अनुभव

हे ए-थ्री कलर प्रिंटर-कॉपियर मशीन मी रिफर्बिश्ड घेतलं ते बायपास ट्रेसाठीच. कॉपी, स्कॅन, स्पीड याबद्दल लिहीत नाही, ते सगळं ठीक चालतं. माझं डीटीपीचं दुकान तालुक्याच्या गावात आहे आणि खरी कमाई लगीनसराईत होते: पत्रिका, निमंत्रणाची कार्डं आणि पाकिटांवर छापलेली पाहुण्यांची नावं. कॅसेटमध्ये जाड कार्ड जात नाही, बायपासला ३०० जीएसएमपर्यंत चालतं, म्हणून इतके पैसे घातले.

सुरुवातीचे काही आठवडे मी या मशीनवर वैतागलो होतो. २५० जीएसएमच्या आर्ट कार्डवर छपाई दिसायला सुरेख यायची, पण एका गिऱ्हाईक काकांनी नावावरून अंगठा फिरवला आणि लाल रंग पावडरीसारखा अंगठ्यावर आला. पुरवठादाराच्या टेक्निशियनला फोन केला. त्यानं मशीन न बघताच सांगितलं, "दादा, फ्यूजर गेलाय, बदलावा लागेल." फ्यूजरची किंमत ऐकून मी गप्प बसलो, पण एक गोष्ट पटत नव्हती. साध्या कागदावरचं प्रिंट नखानं खरवडलं तरी हलत नव्हतं. फ्यूजर खराब असता तर तिथेही टोनर सुटला असता.

मग सेटिंग तपासायला बसलो. मशीनच्या पॅनलवर बायपासचा कागद साधा म्हणून लावलेला होता. ट्रेमध्ये कागद ठेवला की साईज आणि प्रकार विचारणारी जी खिडकी येते, तीही बंद केलेली होती. कॉम्प्युटरवर ड्रायव्हरमध्ये Paper Type हे Auto वर. मशीन बसवताना हे सगळं टेक्निशियननंच करून ठेवलेलं, आणि त्यातलं काही सांगितलं नव्हतं. म्हणजे मी कार्ड ठेवत होतो आणि मशीन त्याला ८० जीएसएमचा कागद समजून छापत होतं.

माझं मशीन कागदाची जाडी स्वतः मोजत नाही, तुम्ही सांगाल ती खरी धरतं. टोनर म्हणजे प्लास्टिकची बारीक पूड. फ्यूजरच्या गरम रोलरखाली ती वितळून कागदाला चिकटते. जाड कार्ड बरीचशी उष्णता स्वतःच शोषून घेतं, त्यामुळे साध्या सेटिंगवर पूड वरच्यावर राहते. Thick सेटिंग दिलं की मशीन कार्ड सावकाश ओढतं, म्हणजे ते रोलरखाली जास्त वेळ राहतं. शिवाय टोनर कार्डावर खेचणारं व्होल्टेजही जाडीप्रमाणे बदलतं. सेटिंग लागलंय की नाही हे आता मला आवाजावरून कळतं. साध्या कागदाला मशीन सलग घरघरतं, जाडवर दोन पानांमध्ये थांबत, दमानं चालतं. कार्ड ठेवलंय आणि मशीन भराभर ओढतंय, असं दिसलं की मी लगेच जॉब थांबवतो.

पॅनलवर आणि ड्रायव्हरमध्ये, दोन्हीकडे २५० जीएसएमला लागू होणारं Thick सेटिंग केलं. तेच कार्ड, तोच फ्यूजर. छापून थंड झाल्यावर चिकटपट्टी दाबून ओढली तर पट्टीवर रंगाचा कणही नाही. फ्यूजरचा खर्च वाचला. टेक्निशियनवरचा राग मात्र अजून आहे, कारण फोनवर त्यानं एकदा "कागद कोणता लावलाय?" एवढं विचारायला हवं होतं.

इथे एक फरक सांगायलाच हवा. घडीवर रंग फुटतो तो वेगळा प्रकार. टोनर पूर्ण चिकटलेला असला तरी २५० जीएसएमचं कार्ड तसंच दुमडलं की घडीच्या रेषेवर तडा जातो. त्यासाठी आधी क्रीजिंग करायचं आणि कार्डाचे तंतू घडीला समांतर राहतील असं कापायचं. फक्त घडीवर सुटत असेल तर सेटिंगला दोष देऊ नका. सपाट भागावरही सुटत असेल तर सेटिंगच बघा.

पाकिटांनी जास्त दमवलं. आपल्याकडे चालणारं ९ बाय ४ इंची पाकीट ड्रायव्हरच्या तयार यादीत मिळालं नाही, म्हणून कस्टम साईज केली: २२९ बाय १०२ मिलिमीटर. हीच साईज वर्डच्या पानाला, ड्रायव्हरला आणि पॅनलला, तिन्हीकडे सारखी द्यावी लागते. एक जरी वेगळी असली तर नाव पाकिटाच्या कडेला सरकतं किंवा मशीन कागद मागत उभं राहतं.

प्रकार Thick नाही, Envelope च निवडायचा. पाकीट म्हणजे दोन थर, आणि जिथे जोड आहे तिथे तीन-चार. रोलरच्या दाबाखाली वरचा थर आणि खालचा थर सारखे सरकत नाहीत, म्हणून सुरकुती पडते. माझ्या मशीनमध्ये मागचं झाकण उघडलं की फ्यूजरचा दाब कमी करायचे दोन खटके आहेत. ते पाकिटाच्या खुणेवर आणले आणि सुरकुत्या जवळजवळ थांबल्या. काम झालं की खटके परत वर करायचे, नाहीतर साध्या कागदावरचा टोनर कच्चा राहतो.

पाकीट ठेवताना त्याचं झाकण बंद, आखूड बाजू आधी, छपाईची बाजू खाली. (तुमच्या मशीनवर कोणती बाजू छापली जाते हे एका पानावर पेन्सिलीनं फुली मारून बघा.) गठ्ठा टेबलावर तळहातानं दाबून आतली हवा काढायची, आणि दहाच्या वर एकदम ठेवायची नाहीत. बाजूचे गाईड पाकिटाला टेकले पाहिजेत, पण दाबले जाता कामा नयेत. नाव जोडाच्या उंचवट्यावर आलं तर तिथली अक्षरं पुसट येतात, म्हणून मी कडेपासून निदान १५ मिलिमीटर जागा सोडतो. प्लास्टिकची खिडकी असलेली आणि पट्टी ओढून चिकटवायची पाकिटं मी या मशीनला लावत नाही. ते प्लास्टिक आणि तो गोंद फ्यूजरच्या उष्णतेत टिकत नाहीत, आणि रोलरला चिकटले तर मग खरोखरच फ्यूजर बदलावा लागेल.

पॅनलवरची ती विचारणारी खिडकी मी पुन्हा चालू केली. आधी ती दरवेळी आड आली की चीड यायची, आणि नाव टाकून रिव्ह्यूत तक्रार लिहायची ठरवली होती. आता मत बदललंय. दिवसभरात कार्ड, पाकीट, साधा कागद अशी अदलाबदल होते, आणि ही खिडकी आल्यामुळे मागचं सेटिंग चुकून पुढच्या कामाला लागत नाही. जाडच्या सेटिंगवर साधा कागद गेला तर तो गोल वळून बाहेर पडतो आणि कधी आतच अडकतो.

खरी उणीव वेगळी आहे. खरबरीत हॅंडमेड आणि चमकी मारलेल्या कार्डावर हे मशीन नीट छापत नाही, कोणत्याही सेटिंगवर खड्ड्यांत टोनर बसत नाही. तशी पत्रिका मागणाऱ्याला मी स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे पाठवतो. आणि पावसाळ्यात उघडं राहिलेलं कार्ड दमट होऊन कडेनं वाकतं, मग भरीव रंगात पांढरे डाग येतात. म्हणून कार्डाचा फोडलेला गठ्ठा मी लगेच प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतो. सपाट, गुळगुळीत २५० जीएसएमचं काम ज्यांचं रोजचं आहे त्यांनी हे मशीन जरूर घ्यावं, फक्त बसवायला येणाऱ्याकडून बायपासचं सेटिंग समोर उभं राहून, स्वतःचं कार्ड लावून करून घ्यावं.