मालवणी मसाला देशभर विकायचा: डंक वाढवावेत की दळण बाहेर द्यावं?

कुडाळचा एखादा उद्योग महिन्याला 300 किलो मसाला करतो आणि परराज्यातली दुकानसाखळी 2 टन मागते, असं धरू. महिन्याचे 25 दिवस काम, म्हणजे रोज 80 किलो. एका डंकावर दिवसाला 25 किलो चाळलेला मसाला निघत असेल तर 4 डंक लागतील, शिवाय देठ खुडायला आणि भाजायला माणसं वेगळी.

बाहेरच्या पल्व्हरायझरवर हेच काम काही तासांत उरकतं. पण जोरात फिरणाऱ्या हातोड्यांनी पूड चांगलीच तापते, आणि लवंग, जायपत्री, बडीशेप यांचं सुगंधी तेल त्या उष्णतेबरोबर उडून जातं. शिवाय पूड बारीक असल्यामुळे तेवढ्याच चमच्यात रंग आणि तिखटपणा लवकर उतरतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, ‘मसाला बदललाय.’ मिश्रण तेच असतं, भरड बदललेली असते.

डंकावर पूड त्यामानाने थंड राहते. त्याचा दोष वेगळा: गरम मसाले आधी कुटले जातात, मिरचीची सालं चाळणीवर उरतात. ती त्याच घाण्यात परत कुटून मिसळली नाहीत तर प्रत्येक घाण्याची चव निराळी येते. घरच्या बरणीत ते खपतं, दुकानात नाही.

आमचा कल तिसऱ्या वाटेकडे आहे. भाजणी आणि गरम मसाल्याचं कुटणं स्वतःकडे ठेवा. फक्त बेडगी आणि संकेश्वरी मिरची बाहेर दळून घ्या, तीही जाड जाळी लावून, थांबत थांबत. बाहेर पडणाऱ्या पुडीत थर्मामीटर खुपसा. 50 अंशांच्या वर गेलं की यंत्र थांबवायचं. दोन्ही पुडी वजनाने मिसळा. दळणाऱ्याला अख्खं मिश्रण कळत नाही, हा फायदा वेगळाच.

खरी खोट पावसाळ्यात दिसते. ऊन मसाला पाकिटात बंद केला की आत वाफ धरते, गुठळ्या होतात, पुढे बुरशी. रात्रभर झाकलेल्या परातीत निवू द्या आणि भरण्याआधी ओलावा मोजा. मिश्र मसाल्याला कायद्याची मर्यादा 10 टक्के आहे, पण कोकणात 8 च्या खाली भरलेलं बरं. तेलावर भाजलेली खसखस उत्तरेच्या उन्हाळ्यात खवट होते, म्हणून विक्रीच्या मसाल्यासाठी ती कोरडीच भाजा. पाकीट ॲल्युमिनियमचा थर असलेलं घ्या आणि प्रत्येक घाण्याची काही पाकिटं ठेवून 3 आणि 6 महिन्यांनी त्याच मसाल्याचं बांगड्याचं तिखलं करून चाखा.

आणि पाकिटावर ‘घरगुती’ छापायचा मोह आवरा. अन्नसुरक्षेच्या 2018 च्या जाहिरात नियमांत ‘होममेड’सारखे दिशाभूल करणारे शब्द वापरायला मनाई आहे. ‘गरम मसाला डंकावर कुटलेला’ हे खरं असेल तर तेच लिहा. सगळं दळण बाहेर दिलंत तर तेवढंही लिहिता येणार नाही.